चोपन्न इंची पन्ह्याचा हिशोब

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल आठवतात. पण जूनमध्ये नवा शर्ट घालून शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलांच्या अंगावरचा गणवेशही सोलापुरातच शिवलेला असतो. धंदा हंगामी, शाळा उघडायच्या आत माल दुकानात पोचला पाहिजे. अशा एका छोट्या कारखान्याचा एप्रिल महिना इथे मांडतो आहे. कारखाना कल्पनेतला आहे आणि आकडे हिशोबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. त्यात जे घडतं ते मात्र शिवणकामाच्या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

महिन्याचा बेत असा होता: ५,००० शर्ट शिवायचे, ३०० रुपयांना विकायचे. विक्री १५ लाख, खर्च १२ लाख, नफा ३ लाख. महिना संपल्यावर अकाउंटंटने कागद पुढे ठेवला. विक्री १३,६८,०००, खर्च ११,४२,४००, नफा २,२५,६००. म्हणजे खर्च ठरल्यापेक्षा ५७,६०० रुपयांनी कमी झाला, तरी नफा ७४,४०० रुपयांनी घसरला. शिवाय कापडावर साडेसात लाख खर्च होणार होते, तिथे ६,८०,४०० झाले. कापड मालकाने स्वतः जाऊन स्वस्तात आणलं होतं. ते म्हणाले, "माझ्याकडून तर जवळजवळ सत्तर हजार वाचलेत. मग पैसे गेले कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर काढण्याच्या पद्धतीला स्टँडर्ड कॉस्टिंग म्हणतात, पाठ्यपुस्तकांत तिला प्रमाण परिव्यय असं नाव आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती आकाराला आली. जी. चार्टर हॅरिसन यांनी १९११ च्या सुमारास तिची पहिली पूर्ण मांडणी केली असं मानलं जातं. कल्पना साधी आहे. वस्तू बनवायच्या आधीच तिच्यावर किती खर्च व्हायला हवा हे बारकाईने ठरवायचं आणि मग प्रत्यक्ष खर्च त्याच्याशी ताडून पाहायचा. जो फरक पडेल तो व्हेरियन्स. नफा वाढवणारा फरक अनुकूल, घटवणारा प्रतिकूल.

आपल्या शर्टाचं प्रमाण असं ठरलं होतं. कापड सव्वा मीटर, १२० रुपये मीटरने १५० रुपये. मजुरी अर्धा तास, ८० रुपये तासाने ४०. वीज, सुया, मशीनचं तेल असा कामाबरोबर वाढणारा वरखर्च तासाला २० रुपये, म्हणजे शर्टामागे १०. आणि जागेचं भाडं, सुपरवायझरचा पगार, मशीनचा घसारा असा शिवलं काय, न शिवलं काय, व्हायचाच तो स्थिर खर्च महिन्याला दोन लाख, ५,००० शर्टांवर वाटला की ४० रुपये. एकूण २४० आणि नफा ६०. दोरा, बटणं, कॉलरचं बुकरम हे सगळं हिशोब लांबू नये म्हणून सोडून दिलं आहे.

यातला सव्वा मीटर हा आकडा हवेतून येत नाही. कटिंग मास्तर ५८ इंची पन्ह्याच्या कापडावर शर्टाचे सगळे भाग, पाठ, पुढा, बाह्या, कॉलर, एकमेकांत असे बसवतो की मधली चिंधी कमीत कमी राहावी. थानाच्या टोकाला जाणारा तुकडा, रंगाचा फरक, थोडीफार चूक यांची सूटही त्यात धरलेली असते. एकही चिंधी न पडणारं प्रमाण ठरवलं तर ते कुणालाच गाठता येत नाही आणि दर महिन्याचा प्रतिकूल फरक लोक पाहायचंच सोडून देतात.

आता मालकांच्या सत्तर हजारांकडे वळू. साडेसात लाख हा आकडा ५,००० शर्टांचा होता. शिवले मात्र ४,५००. कमी शर्टांना कापड कमी लागणारच, त्यात बचत कसली? म्हणून पहिलं काम, खर्चाचा बेत प्रत्यक्ष शिवलेल्या शर्टांपुरता पुन्हा मांडायचा. ४,५०० शर्टांना सव्वा मीटरने ५,६२५ मीटर, १२० रुपयांनी ६,७५,००० रुपये. झाले ६,८०,४००. म्हणजे बचत राहिली बाजूला, कापडात ५,४०० रुपये जास्तच गेले. पुष्कळ छोट्या कारखान्यांत हिशोब इथेच फसतो. मोठ्या बेताचे आकडे छोट्या कामाशी ताडले की सगळीकडे बचतच दिसते.

पण ५,४०० हा आकडासुद्धा फसवा आहे, कारण त्याच्या पोटात दोन मोठे आकडे एकमेकांना खाऊन बसले आहेत. मालकांनी कापड १२० ऐवजी १०८ रुपयांनी आणलं. वापरलं ६,३०० मीटर. मीटरमागे १२ रुपये वाचले म्हणजे ७५,६०० रुपयांचा अनुकूल भाव-फरक. आणि ५,६२५ मीटरमध्ये व्हायचं काम ६,३०० मीटरमध्ये झालं, ६७५ मीटर जास्त. ते १२० रुपयांच्या प्रमाण भावाने मोजले की ८१,००० रुपयांचा प्रतिकूल वापर-फरक.

जास्त वापर प्रमाण भावाने का मोजायचा, असं कुणी विचारेल. कारण कटिंग मास्तराच्या हातात मीटर आहेत, बाजारभाव नाही. कापड महागलं म्हणून त्याची चूक मोठी ठरू नये आणि स्वस्त झालं म्हणून लहानही ठरू नये. यात एक छोटी गंमत आहे. खरेदी करणाऱ्याला बचतीचं श्रेय पूर्ण ६,३०० मीटरवर मिळतं. म्हणजे जे ६७५ मीटर मुळात लागायलाच नको होते, त्यांच्यावरही मीटरमागे १२ रुपये वाचवल्याची शाबासकी त्याच्या नावावर चढते. ती ८,१०० रुपये होते. रीतच तशी पडली आहे, पण ७५,६०० हा आकडा वाचताना ती लक्षात असलेली बरी.

तर ६७५ मीटर जास्त का लागले? मास्तराने कटिंगचं रजिस्टर उघडलं आणि पहिलंच वाक्य बोलला, "मालक, ह्या थानाचा पन्हा चोपन्नचा आहे." ५८ इंच रुंदीवर बसवलेली आखणी ५४ इंचांत मावत नाही. रुंदी कमी झाली की लांबी वाढवावी लागते. नुसत्या पन्ह्याच्या हिशोबाने ५,६२५ मीटरचे सुमारे ६,०४२ होतात. म्हणजे जास्तीच्या ६७५ पैकी ४१७ मीटर मास्तराने कितीही डोकं लावलं असतं तरी लागलेच असते. उरलेले अडीचशेच्या आसपास मीटर विणीतले दोष आणि थानाथानांत बदलणारी रंगछटा यांत गेले. एका थानाची बाही दुसऱ्या थानाच्या पाठीला लावली तर उजेडात फरक दिसतो. मग भाग पुन्हा कापावे लागतात.

वापर-फरक कटिंग विभागाच्या नावावर पडतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी मास्तराला बोलणी बसतात. इथे त्याच्याकडे रजिस्टर होतं म्हणून तो वाचला.

आता मजुरी. ४,५०० शर्टांना अर्ध्या तासाने २,२५० तास, ८० रुपयांनी १,८०,००० रुपये व्हायला हवे होते. दिले २,१०,०००. तीस हजार जास्त, आणि त्याचे तीन तुकडे पडतात. पगार एकूण २,५०० तासांचा झाला आणि सरासरी दर ८४ रुपये पडला, कारण हंगामात दोन हुशार कारागीर जास्त मजुरीवर आणावे लागले. तासाला चार रुपये, म्हणजे दहा हजारांचा दर-फरक. महिन्यात एक दिवस डीपी जळाली आणि सगळा कारखाना बसून राहिला. बारा-तेरा माणसांचे मिळून १०० तास, ८० रुपयांनी आठ हजार. याला बेकार वेळेचा फरक म्हणतात आणि तो मुद्दाम वेगळा काढतात, नाहीतर डीपीचा दोष कारागिरांच्या माथी जातो. उरले कामाचे २,४०० तास. त्यात २,२५० तासांचंच काम झालं, १५० तास जास्त लागले. हा बारा हजारांचा कार्यक्षमतेचा फरक.

हे दीडशे तास कुठे गेले? दोषाचे भाग उसवून बदलण्यात, रंगाची जोडी लावण्यात, अरुंद कापडाचे थर पुन्हा पुन्हा अंथरण्यात. नव्या कारागिरांचा हात बसला नसेल, अशी शंका येऊ शकते. ती तपासायची सोपी रीत आहे. रोजच्या नोंदींत जुन्या आणि नव्या कारागिरांचे तुकडे वेगवेगळे मोजायचे. आपल्या कारखान्यात दोघांचाही वेग सारखाच घटला होता. मग दोष हातांचा नाही, कापडाचा आहे.

ज्या कारखान्यांत नगामागे मजुरी देतात, तिथे हा फरक मजुरीच्या रकान्यात दिसतच नाही. शर्टाला जितका वेळ लागो, पैसे तेवढेच. मालकाला वाटतं आपण सुटलो. पण मशीन अडकून पडलेलंच असतं, वीज जळतच असते आणि कारागिराची कमाई घटल्यामुळे तो पुढच्या आठवड्यात शेजारच्या कारखान्यात दिसतो.

कामाबरोबर हलणाऱ्या वरखर्चाचं थोडक्यात सांगतो. ४५,००० व्हायला हवा होता, झाला ४६,०००. विजेसुयांचा खर्च २,४०० तासांच्या मानाने दोन हजारांनी कमीच पडला. पण जास्तीच्या दीडशे तासांत २० रुपयांनी तीन हजार जळले. निव्वळ हजार रुपये प्रतिकूल.

स्थिर खर्चाचा हिशोब मात्र सगळ्यांत अवघड, आणि परीक्षेला बसलेली मुलंही इथेच अडखळतात. खर्च दोन लाखांऐवजी २,०६,००० झाला, ते सहा हजार समजायला सोपे. कुठलंसं बिल वाढलं, विषय संपला. पण शर्टामागे ४० रुपये हा आकडा ५,००० शर्ट धरून काढला होता. शिवले ४,५००, म्हणजे शर्टांनी मिळून स्थिर खर्चाचा भार उचलला फक्त १,८०,००० रुपयांचा. उरलेले वीस हजार कुणाच्याच अंगावर पडले नाहीत. हा आकारमानाचा फरक. वीस हजारांची एकही नोट गल्ल्यातून बाहेर गेलेली नाही. भाडं तेवढंच होतं, फक्त ते वाटून घ्यायला पाचशे शर्ट कमी पडले. बसलेल्या शंभर तासांमुळे त्यातले आठ हजार आणि रेंगाळलेल्या दीडशे तासांमुळे बारा हजार. अडीचशे तास, अर्ध्या तासाला एक याप्रमाणे बरोबर पाचशे शर्ट.

विक्रीच्या बाजूला दोनच गोष्टी. शर्ट सरासरी ३०४ रुपयांना गेला, म्हणून अठरा हजार अनुकूल. पाचशे शर्ट कमी विकले, प्रत्येकी ६० रुपये प्रमाण नफ्याने तीस हजार प्रतिकूल. आता सगळे तुकडे एका ओळीत लावले की बेताच्या नफ्यापासून प्रत्यक्ष नफ्यापर्यंत चालत जाता येतं. याला मेळपत्रक म्हणू.

| तपशील | रुपये |
|---|---|
| बेताप्रमाणे नफा | ३,००,००० |
| विक्री कमी झाल्याने | −३०,००० |
| विक्रीचा भाव जास्त मिळाल्याने | +१८,००० |
| कापडाचा भाव | +७५,६०० |
| कापडाचा वापर | −८१,००० |
| मजुरी (दर, बेकार वेळ, कार्यक्षमता) | −३०,००० |
| हलता वरखर्च | −१,००० |
| स्थिर खर्च (खर्च व आकारमान) | −२६,००० |
| प्रत्यक्ष नफा | २,२५,६०० |

पै न् पै जुळली. कॉस्ट अकाउंटिंगच्या परीक्षेत इथे पेन खाली ठेवतात आणि पूर्ण गुण मिळतात. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. हे पत्रक खात्यांप्रमाणे लावलेलं आहे आणि पैसा खात्यांप्रमाणे हरवत नाही. एका निर्णयाचे तुकडे चार खात्यांत विखुरलेले असतात आणि त्यातला फक्त शाबासकीचा तुकडा, ७५,६००, निर्णय घेणाऱ्याच्या नावावर चमकत असतो.

म्हणून तेच आकडे कारणांप्रमाणे पुन्हा लावून पाहू. चोपन्न इंची कापडाने भावात ७५,६०० दिले आणि वापरात ८१,००० घेतले. शिवाय दीडशे तास खाल्ले. त्या तासांची मजुरी १२,०००, हलता वरखर्च ३,०००, स्थिर खर्चाचा न उचललेला भार १२,०००. त्या तासांत आणखी ३०० शर्ट झाले असते, त्यांचा नफा १८,०००. म्हणजे वेळेपोटी एकूण ४५,०००. कापडाच्या एका सौद्याने नफा ५०,४०० रुपयांनी कमी केला. डीपी जळल्याचा दिवस असाच मोजला तर मजुरी ८,०००, स्थिर खर्चाचा भार ८,००० आणि २०० शर्टांचा नफा १२,०००, एकूण २८,०००. बाकी सगळं, म्हणजे जास्त मजुरी, वाढलेलं बिल, विजेतली बचत आणि विक्रीचा चांगला भाव, मिळून उलट चार हजार फायद्याचं आहे. ५०,४०० आणि २८,०००, वजा ४,०००: बरोबर ७४,४००.

मालकांचा प्रश्न होता, पैसे गेले कुठे. दोन तृतीयांश त्यांच्याच स्वस्त थानांत गेले होते.

या मांडणीत एक गृहीतक दडलेलं आहे, ते सांगायला हवं. जास्तीचे ३०० शर्ट शिवले असते तर ते विकले गेले असते, असं आपण धरलं. एप्रिलमध्ये ते खरं आहे. ऑगस्टमध्ये नाही. मागणी नसताना अडलेल्या तासांची किंमत पुष्कळ कमी असते. त्याचीच उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. आकारमानाचा फरक अनुकूल दिसावा म्हणून कुणी ऑगस्टमध्येही ५,००० शर्ट शिवले, तर कागदावर स्थिर खर्च पूर्ण उचलला जातो, मॅनेजरची पाठ थोपटली जाते आणि गोदामात न विकलेल्या शर्टांची चळत लागते. पुढच्या वर्षी शाळेने खिशावरची पट्टी बदलली की ती चळत चिंधीच्या भावाने जाते. आकारमानाचा फरक एकटा कधी वाचू नये, शेजारी गोदामातल्या नगांचा आकडा असावा.

आणि प्रमाण शिळं होऊ देऊ नये. शिल्लक मालाची किंमत प्रमाण खर्चाने धरायला आपल्याकडची लेखा मानकं परवानगी देतात, पण हे प्रमाण प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ हवं आणि ते नियमितपणे तपासलेलं हवं, या अटीवर. तीन वर्षांपूर्वीचा कापडाचा भाव प्रमाण म्हणून भिंतीवर चिकटलेला असेल, तर भाव-फरक दर महिन्याला प्रतिकूल येणार आणि त्याचा खरेदी करणाऱ्याच्या हुशारीशी काही संबंध नसणार. ओळखायची खूण अशी: एखादा फरक सलग पाच-सहा महिने एकाच दिशेला आणि साधारण तेवढाच येत असेल, तर कारखान्याआधी प्रमाण तपासा.

आपल्या मालकांनी पुढच्या हंगामासाठी एकच गोष्ट विचारली. व्यापारी पुन्हा चोपन्न पन्ह्याचं थान घेऊन आला तर काय करायचं? उत्तर याच आकड्यांत आहे. त्या कापडाने वापरात आणि वेळेत मिळून १,२६,००० रुपये घेतले. ते ६,३०० मीटरवर वाटले तर मीटरमागे २० रुपये होतात. म्हणजे १२० च्या कापडाच्या जागी हे कापड १०० रुपयांना मिळालं तर बरोबरी, त्याखाली मिळालं तर फायदा. १०८ ला ते महागच होतं. पन्हा मोजायला टेप दुकानातच मिळते.